चित्रात एकही अक्षर नाही

वस्फियाला कोणी विचारलं, काय काम करतेस, तर ती म्हणायची, "लोक कागदांचे फोटो पाठवतात. त्यात काय लिहिलंय ते मी लिहिते." समोरचा मान डोलवायचा. मग ती जरा थांबून म्हणायची, "आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर काय लिहायचं ते ठरवते." इथे समोरचा हसायचा. वस्फिया हसायची नाही.

वय चोपन्न. इरबिद शहरात कोर्टाच्या भिंतीला लागून तिच्या बापाचं पत्र्याचं टेबल असायचं. वर छत्री, टेबलावर टंकयंत्र. लोक येऊन आपलं गाऱ्हाणं सांगायचे आणि बाप ते सरकारला कळेल अशा भाषेत मांडायचा. वस्फिया सोळाव्या वर्षापासून त्याच्या शेजारी बसून टंकत आली होती. लग्न झालं, यझन झाला, नवरा गेला, तरी टेबल सुटलं नाही. बाप गेल्यावरही बरीच वर्षं ती एकटी बसली. मग अर्ज संगणकावर भरायची सक्ती झाली आणि भिंतीजवळच्या छत्र्या एकेक करून मिटल्या. शेवटची छत्री तिचीच होती.

आता ती विद्यापीठाच्या रस्त्यावर, एका मिठाईच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर कामाला जात होती. खोलीत बारा जण. बाकीचे अकरा तिच्या मुलाच्या वयाचे.

काम असं. परदेशातला एक निधी हृदयाचे आजार असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलायचा. आई-बाप फोनवरून अर्ज भरायचे आणि डॉक्टरांच्या अहवालाचा फोटो जोडायचे. तो फोटो आधी यंत्र वाचायचं. पडद्यावर डावीकडे फोटो दिसायचा, उजवीकडे 'मजकूर' नावाची चौकट, तिच्यात यंत्राने वाचलेलं सगळं. त्याखाली दुसरी चौकट, अर्जदाराला पाठवायच्या निरोपाची, दोनशे अक्षरांची. माणसाने फोटो आणि मजकूर शेजारीशेजारी ताडून बघायचा, चुकलेलं सुधारायचं, पुढे पाठवायचं. पुढे तो मजकूर डॉक्टर वाचायचे. फोटो ते क्वचितच उघडायचे. त्यांच्यासमोर शेकडो मुलं असायची.

आणि कधीकधी फोटोत अक्षरच नसायचं. कोणी चुकून सतरंजी पाठवायचं, कोणी पोराचा हसरा चेहरा, कोणी पाकिटाची मागची बाजू, जिच्यावर फक्त नक्षी.

सुरुवातीच्या दिवसांत वस्फियाने यात एक घोळ केला होता. एका बाईने औषधाच्या खोक्याचा फोटो पाठवला होता, त्यावर कंपनीचं चिन्ह, निळा पक्षी. काहीतरी लिहायलाच हवं असं वाटून तिने मजकुराच्या चौकटीत लिहिलं, 'पंख पसरलेला निळा पक्षी.' यंत्राला वर्णन कळत नाही. चौकटीत जे आहे ते कागदावर लिहिलेलं होतं, एवढंच त्याला कळतं. त्याने ते पहिल्या ओळीतलं नाव समजून रुग्णाच्या नावाच्या जागी चढवलं, आणि तीन आठवडे एक मुलगा यादीत निळा पक्षी म्हणून होता. खोलीतली पोरं अजून सणासुदीला तिला पक्ष्यांची चित्रं पाठवायची. तिने त्यातून एकच गोष्ट उचलली. कागदावर नाही ते त्या चौकटीत जाता कामा नये. चांगल्या हेतूनेही नाही.

त्या गुरुवारी दुपारी तीनला यादी बंद होणार होती. रविवारी परदेशातून शल्यविशारदांची तुकडी यायची होती, पाच दिवसांसाठी. यादीत नाव नसेल तर पुढची तुकडी सहा महिन्यांनी.

एक वाजून वीस मिनिटांनी वस्फियाच्या पडद्यावर एक अर्ज आला.

मुलगी लुजैन, वय सहा. अर्जदार आजोबा, सलामा अल-शरफात, मफरकच्या पलीकडच्या वाळवंटातल्या एका वस्तीवरचे. आजाराच्या रकान्यात आजोबांनी लिहिलं होतं, 'हृदयाला भोक. चालताना निळी पडते.' खाली लाल अक्षरांत: प्रयत्न दुसरा, तीनपैकी. तिसराही वाया गेला की अर्ज आपोआप पुढच्या तुकडीकडे जायचा. तो नियम निधीचा होता, त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं.

डावीकडे फोटो. राखाडी पार्श्वभूमीवर एक चिन्ह: चंद्रकोर, तिच्या पोटात खजुराचं झाड. जिल्ह्याच्या रुग्णालयाचं. फोटो अतिशय स्वच्छ होता. कडा धारदार, उजेड सारखा, झाडाची पानं मोजता येतील असा. आणि त्यात एकही अक्षर नव्हतं.

उजवीकडची चौकट मात्र भरलेली होती.

वस्फियाने वाचलं. रुग्णालयाचं पूर्ण नाव. बालहृदयरोग विभाग. तपासणीची तारीख. 'हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आकार चार मिलिमीटर. शस्त्रक्रियेचा सल्ला.' शेवटी एका डॉक्टरचं नाव.

तिने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. खजुराच्या पानांचे चौकोनी ठिपके झाले. अक्षर नव्हतंच.

यंत्राने त्या रुग्णालयाचे हजारो अहवाल वाचले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर हेच चिन्ह. चिन्ह दिसलं की खाली काय येतं ते त्याला पाठ झालं होतं, आणि इथे खाली काहीच नव्हतं तेव्हा त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. खोटं बोलण्याइतकीही त्याला अक्कल नव्हती. रिकामी जागा त्याला सहन झाली नाही, एवढंच.

"दीमा," तिने शेजारच्या मुलीला हाक मारली. "इकडे ये जरा."

दीमा चोवीस वर्षांची, एका कानात इअरफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा. तिने खुर्ची ढकलत आणली. "काय मावशी, पुन्हा पक्षी आला?"

"गप्प बस. हे बघ."

दीमाने चौकट वाचली, फोटो बघितला, पुन्हा चौकट वाचली. "या अल्ला. सगळं रचलंय." मग हळूच म्हणाली, "पण मावशी, जुळतंय की. आजोबा म्हणतात भोक आहे, यंत्रही म्हणतंय भोक आहे."

"चार मिलिमीटर कोणी मोजलं?"

दीमाने पुन्हा फोटोकडे बघितलं.

"पहिला प्रयत्न उघड," वस्फिया म्हणाली. "त्याला काय उत्तर गेलं होतं?"

दीमाने तिच्यासमोरून हात घालून नोंद उघडली आणि तिचा चेहरा पडला. पहिल्या फोटोत तीच राखाडी फाइल, बंद, गादीवर ठेवलेली, हाताच्या अंतरावरून काढलेली. चंद्रकोर छोटी, किंचित हललेली. खाली गेलेला निरोप: 'फोटो अस्पष्ट आहे. कृपया स्पष्ट फोटो पाठवा.' काल दुपारी. पाठवणारी दीमा.

"तयार निरोप आहे तो," दीमा म्हणाली. "अक्षर नसलं की आम्ही सगळे तोच पाठवतो. निरोपांच्या यादीतला दुसरा बसत नाही."

"फोटो अस्पष्ट होता का?"

"थोडा हललेला होता."

"हललेला नसता तर वाचता आला असता?"

"मावशी, काल मी दोनशे सत्तर फोटो बघितले."

"मी तुला बोलत नाहीये," वस्फिया म्हणाली. आणि खरंच ती दीमाला बोलत नव्हती, ती त्या दोन फोटोंकडे बघत होती. म्हाताऱ्याला सांगितलं, स्पष्ट पाठव. त्याने ऐकलं. फाइल उन्हात नेली असेल, बाहीने पुसली असेल, श्वास रोखून, अगदी जवळ जाऊन फोटो काढला. त्याला जे सांगितलं ते त्याने जिवापाड केलं. सांगणाराच चुकला होता.

मोअतसिम आला. तो या खोलीचा प्रमुख, तिशीचा, दिवसभर हातात सेजच्या पानांचा चहा आणि तोंडात घड्याळ. "यादी बंद व्हायला किती राहिलं ते माहीत आहे ना? सत्तेचाळीस बाकी आहेत. उम्म यझन, एका फोटोवर सात मिनिटं?"

यझनची आई, अशीच तो तिला हाक मारायचा. वस्फियाने त्याला दाखवलं. त्याने उभ्यानेच वाचलं. चहाचा घोट घेतला. चौकट पुन्हा वाचली.

"हे पुढे गेलं तर काय होईल?" तो म्हणाला.

"उस्ताझ, हे कागदावर नाही."

"ते मला दिसतंय. मी विचारतोय काय होईल. पोरीचं नाव यादीत लागेल. रविवारी डॉक्टर तिला समोर बघतील, पुन्हा तपासतील. कोणी न तपासता छाती उघडत नाही. आणि तुम्ही 'मजकूर नाही'ची खूण केली, तर म्हाताऱ्याकडे एक प्रयत्न उरतो आणि दीड तास. तो पुन्हा झाडच पाठवेल. मग सहा महिने. चालताना निळी पडते म्हणतोय तो."

खोलीत कळफलकांचा आवाज थोडा कमी झाला. सगळे न बघता ऐकत होते.

तो मूर्खासारखं बोलत नव्हता. पोरीचा विचार तोही करत होता. एक बटण, आणि एक सहा वर्षांची मुलगी आत. इतकं सोपं होतं ते. कोर्टाच्या भिंतीशी तिच्या बापालाही लोक म्हणायचे, अबू रातिब, एवढं एक वाक्य घाल, तुझं काय जातं.

"रविवारी समोर कोणाला बोलावतात?" तिने विचारलं.

"यादीतल्या पहिल्या चाळीसांना."

"आणि यादीत किती?"

"एकशे दहाच्या आसपास."

"क्रम कशावरून लावतात?"

मोअतसिमने चहाचा पेला खाली ठेवला. त्याला उत्तर माहीत होतं. क्रम अहवालावरून लागायचा. छिद्र केवढं, त्यावर.

"चार मिलिमीटरच्या पोरांना थांबायला सांगतात," वस्फिया म्हणाली. "मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षं हे वाचतेय. चार म्हणजे बघू या, कदाचित आपोआप बुजेल. ती नव्वदावी लागेल, आणि तिच्या नावापुढे चार कायमचं राहील. पुढच्या तुकडीपुढेही चारच जाईल. मग कोणाला सांगायचं की हा आकडा एका खजुराच्या झाडाने दिला?"

एका पोराने खुर्ची मागे घेतल्याचा आवाज आला.

"फोन करा त्याला," दीमा म्हणाली. "सरळ फोन करून सांगा."

"आपल्याला नंबर दिसत नाही," मोअतसिम म्हणाला. "दिसू नये अशीच व्यवस्था आहे. फक्त निरोप." त्याने घड्याळ बघितलं. एक छत्तीस. "ठीक आहे. मजकूर पुसा, खूण करा. पण निरोप काय पाठवणार? 'कृपया योग्य कागद पाठवा'? त्याला तोच योग्य कागद वाटतोय."

"म्हणूनच जरा थांबा," वस्फिया म्हणाली.

तिने यंत्राचं लिहिलेलं सगळं निवडून एकदम पुसलं. चौकट पांढरी झाली. तिने 'चित्रात मजकूर नाही' ही खूण केली. अर्धं काम झालं होतं, आणि खरं तर तेवढंच नियमात होतं. उरलेलं अर्धं त्या दोनशे अक्षरांच्या चौकटीत होतं, आणि तिथे तिची बोटं थबकली.

तो चिन्हच का पाठवतोय?

चुकून एकदा जाईल. दोनदा नाही. तिने दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले. दुसऱ्यात त्याने फाइलीची कडसुद्धा घेतली नव्हती. फक्त चंद्रकोर, मधोमध, कोपऱ्यात त्याच्या नखाची सावली. तो काहीतरी सिद्ध करत होता.

आणि तिला भिंतीजवळची माणसं दिसायला लागली. वाळवंटातून पहाटेच्या बसने आलेली. कागद छातीशी, घडी अशी घातलेली की शिक्का वर येईल. बाप म्हणायचा, दाखवा काय लिहिलंय, आणि ते आधी शिक्क्यावर बोट ठेवायचे. बघा, मोहोर आहे. कारण आयुष्यभर प्रत्येक खिडकीने त्यांना तेच विचारलं होतं. मोहोर कुठाय? मोहोर नाही तर कागद नाही. काय लिहिलंय ते कोणी कधी विचारलंच नव्हतं. लिहिलेलं सरकारचं, मोहोर त्यांची. सलामा अल-शरफातला फाइलीवर रुग्णालयाची मोहोर दिसली होती, आणि तो ती दुसऱ्यांदा खिडकीला दाखवत होता. अस्पष्ट म्हणता? मग घ्या, आणखी जवळून.

तिने टंकलं: 'तुमची मोहोर दिसली, ती बरोबर आहे.'

दीमा मागून वाचत होती. "मावशी."

"काय?"

"ती मोहोर नाही. रुग्णालयाचं छापलेलं चिन्ह आहे. फाइलीवर सगळ्यांच्याच असतं. मगाशी तुम्हीच म्हणत होतात, नाही ते लिहायचं नाही."

वस्फियाने मागे वळून बघितलं. पोरगी घाबरलेली होती, पण हटत नव्हती. "बरोबर बोललीस," ती म्हणाली, आणि ओळ पुसली.

मग ती पुटपुटत लिहू लागली, पुसू लागली. 'चित्रात मजकूर आढळला नाही.' पुसलं. मजकूर हा खिडकीचा शब्द. 'फोटो चांगला आहे, पण' हे ठेवलं. त्याने इतक्या कष्टाने काढला होता, फोटो चांगला होता हे खरंही होतं, आणि हे सांगितलं नाही तर तो तिसऱ्यांदा आणखी चांगला काढेल. 'अहवाल पाठवा' पुसलं. त्याच्या लेखी त्याने अहवालच पाठवला होता. चौकटीखालचा आकडा उलटा मोजत होता. शहाण्णव उरली. एकसष्ट. बारा. मग ऋण चार.

"एक त्रेपन्न," मोअतसिम म्हणाला. त्याने तिच्या वाटचे बाकी फोटो न बोलता स्वतःच्या पडद्यावर ओढले होते.

"'कृपया' काढा," दीमा म्हणाली.

"कृपया राहील. म्हातारा माणूस आहे."

"मग 'तुमच्या' काढा. दोनदा आलंय."

ते निघालं. दोन वाजायला पाच मिनिटं असताना निरोप असा झाला:

'फोटो चांगला आहे. फाइलीवरचं चिन्ह नीट दिसलं, ते पुन्हा नको. पण चित्रात एकही अक्षर नाही. कृपया फाइल उघडा. आत डॉक्टरांनी लिहिलेलं पान आहे. ते पूर्ण पान दिसेल असा फोटो तीनच्या आत पाठवा. ही शेवटची संधी.'

"शेवटची संधी लिहायचं का?" दीमाने विचारलं. "हात थरथरेल त्याचा."

वस्फियाने विचार केला. "थरथरू दे. त्याला न सांगता संधी संपवणं जास्त वाईट." आणि तिने बटण दाबलं.

मग वाट.

तिने तेवढ्यात इतर फोटो घेतले. एक अहवाल, अक्षरं ठीक. दुसरा, तारखेतला सात यंत्राने आठ वाचलेला, सुधारला. तिसऱ्यात एका आईने चुकून फक्त झोपलेल्या पोराचा फोटो जोडला होता. मजकूर नाही. निरोप लिहिताना तिने पोराचं वर्णन केलं नाही, रूप सांगितलं नाही, फक्त लिहिलं की मुलाचा फोटो मिळाला, आता त्याच्या अहवालाच्या पानाचा पाठवा. त्या बाईचा अजून पहिलाच प्रयत्न होता. वस्फियाचे डोळे मात्र कोपऱ्यातल्या आकड्याकडे. दोन अकरा. दोन एकोणीस. वाळवंटात फोनला रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतं, हे तिला माहीत होतं. म्हातारा टेकाडावर असेल की खाली? निरोप कोण वाचून दाखवेल? घरात कोणी वाचणारं असेल का? ते आपण विचारातच घेतलं नाही. दोनशे अक्षरं, आणि ती ज्याच्यासाठी लिहिली त्याला कदाचित एकही येत नसेल.

पण अर्ज भरला आहे कोणीतरी. 'चालताना निळी पडते' कोणीतरी टंकलं आहे.

दोन सव्वीस. मोअतसिम तिच्या मागून दोनदा गेला. दीमाने कुठून तरी फलाफलचे वडे भरलेली अर्धी पोळी आणून तिच्या कोपराशी ठेवली. ती तिथेच गार झाली.

दोन एकतीस. लाल खूण पेटली. सलामा अल-शरफात. प्रयत्न तिसरा.

वस्फियाने उघडायच्या आधी क्षणभर डोळे मिटले. बापाचं टेबल, छत्री, मोहोर वर करून धरलेला कागद. आणि झाड असेल तर? झाड असेल तर तिला तीच खूण करावी लागणार होती. 'मजकूर नाही.' तिच्याच बोटाने. त्यातून सुटका नव्हती, हे तिने मघाशीच ओळखलं होतं. खरं लिहायचं ठरवलं की ते दुसऱ्या बाजूनेही खरंच लिहावं लागतं.

तिने उघडलं.

पान होतं. वाकडं, कोपऱ्यावर पाणी पडलेलं, डावीकडे एका बाईचा मेंदी लावलेला अंगठा, कागद धरून. अंगठ्याखाली दोन शब्द झाकलेले. पण वरपासून खालपर्यंत अक्षरं, छापलेली आणि काही हाताने लिहिलेली. आणि म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं. पानाच्या वरच्या टोकाला, चौकटीत मावेल न मावेल अशी, ती राखाडी फाइलही त्याने मागे उभी धरली होती, चंद्रकोर समोर करून. असू दे, लागली तर, म्हटल्यासारखी.

"आलं," दीमा किंचाळली.

"ओरडू नकोस, मला वाचू दे."

यंत्राने वाचलेलं उजवीकडे होतं. तिने पहिल्या अक्षरापासून बोट ठेवून सुरुवात केली. नाव लुजैन, बरोबर. वय, बरोबर. अंगठ्याखालच्या दोन शब्दांच्या जागी यंत्राने डॉक्टरचं पूर्ण नाव घातलं होतं, छान, सुवाच्य. तिने ते खोडलं. झाकलेल्या शब्दांसाठी वेगळी खूण होती, ती तिने केली. मग छिद्राची ओळ. यंत्राने लिहिलं होतं, अकरा मिलिमीटर. तिने फोटो मोठा केला. अरबीत एक म्हणजे नुसता उभा दंड; इथे हाताने लिहिलेले दोन दंड होते, एकमेकांना चिकटलेले. एक आणि एक. की नुसता एक, दोनदा गिरवलेला?

"मोअतसिम," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्याला नुसत्या नावाने हाक मारली.

तो वाकला. दीमा वाकली. तिघांचे श्वास एका काचेवर.

"अकरा," दीमा म्हणाली.

"तुला अकरा हवंय म्हणून अकरा दिसतंय," मोअतसिम म्हणाला.

वस्फिया पानभर त्या डॉक्टरने लिहिलेला दुसरा 'एक' शोधू लागली. तारखेत होता: एक दंड, सरळ, एकदाच ओढलेला, टोकाला छोटं वळण. वजनात होता: एक, तसाच. हा माणूस एक गिरवत नव्हता. आणि खाली, छापील ओळीत, ज्या ओळीकडे आधी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, लिहिलं होतं: 'मोठे छिद्र.' एक मिलिमीटरला मोठं कोणी म्हणत नाही.

तिने अकरा तसंच ठेवलं. पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. दोन अठ्ठेचाळीसला पाठवलं.

खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अजून नऊ फोटो बाकी होते. तीन वाजता यादी बंद झाली तेव्हा लुजैनचं नाव सातवं होतं. पुढे काय झालं ते या खोलीला कळत नाही, त्यांना फक्त कागद दिसतात. वस्फियाने गार फलाफल खाल्लं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

ती बाहेर आली तेव्हा मोअतसिम तिचा निरोप कॉपी करत होता.

"काय करताय?"

"तयार निरोपांच्या यादीत घालतोय. 'फोटो अस्पष्ट' काढून टाकलं. यापुढे अक्षर नसलेल्या प्रत्येक फोटोला हाच जाईल. उम्म यझन, चांगला लिहिलाय."

"तो सलामाला लिहिलाय," वस्फिया म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्याने काय पाठवलं आणि का पाठवलं ते बघून लिहिलाय. दुसऱ्याने दुसरं पाठवलेलं असेल."

"दिवसाला असे चाळीस येतात. चाळीस वेगळे निरोप लिहायचे? जा घरी, गुरुवार आहे, उद्या-परवा सुट्टी." आणि त्याने जतन केलं.

रविवारी सकाळी ती आली तेव्हा दीमा डोकं धरून बसली होती. शनिवारी अर्ज भरणाऱ्या एका माणसाने चुकून आपल्या बैठकीच्या फरशीचा फोटो पाठवला होता, अष्टकोनी नक्षीच्या फरशा, दुसरं काही नाही. सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं, त्याला आपोआप उत्तर गेलं होतं: 'फाइलीवरचं चिन्ह नीट दिसलं, ते पुन्हा नको. कृपया फाइल उघडा.' माणसाने अख्खं घर धुंडाळलं होतं. मग परत लिहिलं होतं: 'साहेब, माझ्याकडे फाइल नाही. कोणती फाइल? कोणी माझ्या नावाने फाइल पाठवली का?' आणि त्यापुढे, भेदरून, आपल्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, रेशनचं पुस्तक, आणि लग्नाचा फोटो.

मोअतसिम दारात उभा होता, हातात चहा. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"पहिला प्रयत्न आहे का त्याचा?" वस्फियाने विचारलं.

"दुसरा झाला," दीमा म्हणाली. "लग्नाचा फोटो धरून."

वस्फियाने पिशवी खुर्चीला अडकवली, चष्मा पुसला, आणि फरशीचा फोटो मोठा करून बघायला बसली. फरशीच्या एका कडेला, बारकाईने बघितलं तर, त्या माणसाच्या मोज्याचं टोक दिसत होतं, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलेल्या एका पांढऱ्या कागदाची कड. तो कागद खाली ठेवून, वर उभा राहून फोटो काढत होता. फोन जरासा सरकला होता, बस.

तिने निरोपाची रिकामी चौकट उघडली आणि लिहायला घेतलं: 'तुमच्या फोटोत फक्त फरशी आली आहे. कागद तुमच्या उजव्या पायाशी आहे.'